चिंचेखालची हद्द

आमची आणि मोठ्या दिरांची जमीन लागून आहे. हद्दीवर दाट चिंच होती. भावोजींनी नकाशावरचे कोपऱ्याच्या खुणेचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकले, निळा ठिपका जुळला तिथे खुंटी ठोकली आणि चिंच आपली ठरवली. फोन महागाचा, म्हणून तो म्हणेल ती पूर्व दिशा. माझ्या नवऱ्याने मित्राचा हातात धरायचा जीपीएस आणला. त्याने खूण तीन मीटर पलीकडे, भावोजींच्या बाजूला दाखवली, म्हणजे चिंच आमची. "तुझं डबडं भंगारात घाल," भावोजी म्हणाले. दोघा भावांचं बोलणं तुटलं आणि आठवड्याभरात भावोजींनी चिंच आडवी केली.

काल मोजणीवाल्या बाई आल्या. एक यंत्र त्यांनी पक्क्या खुणेवर उभं केलं, दुसरं काठीवर धरून त्या बुंध्यापाशी आल्या. पहिलं दुसऱ्याला सारखी दुरुस्ती पाठवतं, म्हणून फरक बोटभराचाच राहतो, म्हणाल्या. बुंधा अख्खा आमच्या बाजूला निघाला.

भावोजींनी फोन पुढे केला. "मग हा असं का दाखवत होता?"

"उघड्यावरही हा चार-पाच मीटर चुकतो. हातातला जीपीएसही थोडाफार चुकतोच. झाडाखाली तर दोन्ही भरकटतात."

"आणि तुमचं?"

"झाडाखाली हेही अडखळलं असतं. आज वर आकाश मोकळं आहे, म्हणून लगेच जमलं."

भावोजी बुंध्यावर बसले.

"दादा, उन्हात नको बसूस," माझा नवरा म्हणाला. पण सावलीत बस म्हणायला सावली होती कुठे?