तीन नंबरचा फलंदाज

आमच्या क्लबचे सचिव स्क्रीनशॉट काढतात तेव्हा त्यात फोनची बॅटरी किती टक्के उरली आहे हे अगदी स्वच्छ दिसतं. बाकी काही दिसेलच याची खात्री नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला दोन पाठवले. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि रविवारी क्लबच्या सामन्यांची स्कोअरची वही लिहिते. म्हणून मला सगळे ‘बाई’ म्हणतात आणि ज्याला ज्याला भागाकार जमत नाही तो माझ्याकडे येतो. पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये ॲपमधला तक्ता होता. सामने, डाव, धावा, चेंडू, एवढेच रकाने. उजवीकडचे नाबाद, सर्वोच्च, सरासरी आणि स्ट्राइक रेट हे सगळे रकाने कापले गेले होते, कारण सचिवांना फोन आडवा धरता येतो हे अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्यात दोन खेळाडूंचे डावागणिक आकडे होते, पण इतके धुरकट, की पाण्याखालून वाचल्यासारखे. त्यावर बोटाने लाल गोल काढलेला. गोलात आकडा होता ११२.

खाली मजकूर: ‘बाई, सरासरी वगैरे मी काढली आहे. पाच वाजता मीटिंग. फक्त होकार द्या.’

प्रश्न एवढाच होता की शेवटच्या सामन्यात तीन नंबरला कोण खेळणार. नेहमीच्या फलंदाजाचं बोट मोडलं होतं. जागा एक, माणसं दोन. एक आमच्या अध्यक्षांचे जावई. क्लबात त्यांना जावईबापूच म्हणतात, अंपायरसुद्धा. दुसरा एक पोस्टमन, ज्याला सगळे ‘टपाल’ म्हणतात. तो कामावरून सायकलवर येतो, आल्यावर पॅड बांधतो आणि कुणाशी फारसं बोलत नाही.

पाच वाजता क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. अध्यक्ष टेबलाच्या टोकाला, पोटावर हात ठेवून. कप्तान, जो एरवी दातांचा डॉक्टर आहे, आपल्या बुटांकडे बघत. आणि सचिव, हातात कागद घेऊन, जणू काही निकालपत्रच.

सचिव उभे राहिले. चार माणसांसमोर उभं राहायची काही गरज नव्हती.

“जावईबापू, सरासरी अडतीस पूर्णांक सदुसष्ट, स्ट्राइक रेट एकशे सदुसष्ट. टपाल, सरासरी चोवीस, स्ट्राइक रेट शहाण्णव. सातत्याचं म्हणाल तर जावईबापूंच्या दोन मोठ्या खेळ्या, टपालची एकही नाही.” त्यांनी कागद खाली ठेवला. “माझ्या मते विषय संपला.”

“संपलाच,” अध्यक्ष म्हणाले. “आमच्या घरचा आहे म्हणून नाही हं. आकडे बोलतात.”

“आकडे बोलत नाहीत,” मी म्हटलं. “सचिव, टपालला तुम्ही कितीने भागलंत?”

“दहाने. दहा सामने खेळला ना तो.”

“त्यातल्या दोन सामन्यांत त्याची पाळीच आली नाही. पॅड बांधून बसून होता. डाव आठ झाले.”

“पण सामने तर दहाच.”

“बरं. आणि जावईबापूंना कितीने भागलंत?”

“सहाने. आठ डावांत दोनदा, तीन आणि दोन धावांवर, नाबाद आहेत, म्हणजे आउट सहा वेळाच झालेत. नियमच आहे तो.” हे त्यांनी मला शिकवावं तसं सांगितलं.

“नियम बरोबर आहे. जावईबापू सामने किती खेळले?”

सचिवांनी फोन उघडला. बराच वेळ बोटाने वर-खाली केलं. “दहा.”

“मग टपालचा न्याय त्यांना लावा. दोनशे बत्तीस भागिले दहा.”

दहाने भागायला माणसाला कॅल्क्युलेटर लागावा हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सचिवांनी बटणं दाबली, आकडा बघितला आणि फोन पालथा ठेवला.

“तेवीस पूर्णांक दोन,” कप्तान बुटांकडे बघतच म्हणाला. “टपालपेक्षा कमी.”

अध्यक्षांचा हात पोटावरून टेबलावर आला.

मला ही लबाडी वाटली असती तर निदान थोडा आदर वाटला असता. लबाडीला डोकं लागतं. सचिवांनी जावयांसाठी एक सूत्र शोधलं, टपालसाठी जे पहिलं सुचलं ते लावलं आणि दोन्ही एकाच कागदावर लिहिताना त्यांना खरोखर काहीही खटकलं नाही.

“आता एकशे सदुसष्ट कुठून आले ते सांगा,” मी म्हटलं.

“प्रत्येक डावाचा स्ट्राइक रेट काढला आणि आठने भागलं. चांगला तासभर लागला.”

“वाया गेला. एका डावात जावईबापूंनी एका चेंडूवर तीन धावा काढल्या. त्याचा स्ट्राइक रेट तीनशे. दुसऱ्या डावात सत्तर चेंडूंवर एकशे बारा, त्याचा एकशे साठ. तुमच्या हिशेबात एक चेंडू आणि सत्तर चेंडू खांद्याला खांदा लावून उभे. असं नसतं. सगळ्या धावा, भागिले सगळे चेंडू, गुणिले शंभर. दोनशे बत्तीस धावा, एकशे त्रेपन्न चेंडू. एकशे एक्कावन्न पूर्णांक सहा.”

“म्हणजे तरीही टपालपेक्षा जास्तच ना?” अध्यक्ष म्हणाले.

“खूप जास्त. टपालच्या दोनशे चाळीस धावा अडीचशे चेंडूंत, शहाण्णव. सरासरीही जावईबापूंचीच वरचढ. टपाल आठही वेळा आउट झालाय, दोनशे चाळीस भागिले आठ, तीस. अडतीस विरुद्ध तीस. हे मी नाकारतच नाही. पण तुम्ही सातत्य म्हणालात.”

मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. क्लबात फळा आहे, त्यावर एरवी पाण्याच्या टाकीची वेळ लिहिलेली असते.

जावईबापू: ११२, ४, ०, ९, ३ नाबाद, ९६, २ नाबाद, ६.
टपाल: ३१, २८, ३५, २२, ४०, २७, ३३, २४.

“दोन खेळ्या झाकून बघा,” मी म्हटलं आणि ११२ आणि ९६ वर तळहात ठेवले. “उरलेल्या सहा डावांत मिळून चोवीस धावा. आणि आठही डाव चढत्या क्रमाने लावले तर मधला आकडा पाच येतो. टपालचा साडेएकोणतीस.”

“हे झाकणं-बिकणं काय शास्त्र आहे?” सचिव म्हणाले.

“शास्त्र हवंय? घ्या.” मग मी त्यांना सगळंच दाखवलं. प्रत्येक डाव, मग तो नाबाद असो वा नसो, एकूण धावा भागिले आठ या आकड्यापासून किती लांब पडतो ते काढायचं, त्याचे वर्ग करायचे, बेरीज करून आठने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं. टपालच्या दर डावाला तीस धावा, आणि प्रमाण विचलन साडेपाच. जावईबापूंच्या दर डावाला एकोणतीस, आणि विचलन साडेत्रेचाळीस. “म्हणजे त्यांचा चढउतार त्यांच्या स्वतःच्या धावांच्या दीडपट आहे. टपालचा पाचव्या हिश्शाहूनही कमी. याला सातत्य म्हणतात. मोठ्या खेळ्या किती झाल्या याला नाही.”

अध्यक्ष फळ्याकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं असेल असं मला वाटत नाही, पण आपण हरलोय एवढं कळलं.

“तीन नंबरला मला उभा राहणारा माणूस हवा,” कप्तान म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मान वर केली. “फटकेबाजी खाली होईल. जावईबापू सहा नंबरला. टपाल तीनला.”

मी हातातला खडू झटकला. घरी जाताना मी मनातल्या मनात सचिवांचं ‘पण सामने तर दहाच’ चारदा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला टपाल आमच्या विभागात रजिस्टर्ड पाकीट घेऊन आला. मी त्याला बसवलं. वास्तविक त्याला घाई होती. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, सचिवांची नक्कलही करून दाखवली, आणि ज्या कागदावर मी आकडेमोड केली होती तो त्याच्यापुढे ठेवला. आभार मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल.

त्याने कागद शांतपणे वाचला.

“आठ वेळा आउट?”

“हो.”

“चाळीसला मी नाबाद होतो, बाई.”

“स्क्रीनशॉटमध्ये चाळीसपुढे नाबादची चांदणी नव्हती.”

“असेल नाहीतर नसेल. मॅच आपल्याच मैदानावर होती. वही तुम्हीच लिहीत होतात.”

त्याने कागदावर बोट ठेवलं. “मग सातने भागायचं ना? चौतीस.”

“चौतीस पूर्णांक एकोणतीस,” मी म्हटलं. जीभ सवयीने वळली.

“म्हणजे तरी जावईबापूंपेक्षा कमीच.”

“हो. आणि स्ट्राइक रेट, सातत्य, दोन्ही तसंच राहतं. निर्णय बदलत नाही.”

“मग झालं.” त्याने यादी पुढे केली. “इथे सही करा.” मी सही केली. पिशवी खांद्याला लावताना तो म्हणाला, “सचिव निदान मॅच बघतात. चुकीचं मोजतात, पण बघतात.”

संध्याकाळी मी क्लबात गेले. वह्यांचं कपाट त्या मागच्याच खोलीत आहे, मी काल बसले होते त्या खुर्चीपासून पाच पावलांवर. त्या सामन्याची वही काढली. टपाल, चाळीस, आणि पुढे ठळक ‘नाबाद’. अक्षर माझं. शाई माझी. काल मी सगळ्यांना शिकवण्यात इतकी रमले होते की सचिवांच्या त्याच फोनच्या धुरकट चित्रावर माझा स्वतःच्या वहीपेक्षा जास्त विश्वास बसला होता. आणि ते दोन नाबाद मला कसे माहीत होते? ते सचिवांनीच सांगितले होते. मी तपासले एकही नव्हते.

क्लबच्या ग्रुपवर मी लिहिलं: ‘कालच्या माझ्या हिशेबात चूक आहे. टपालची सरासरी ३० नसून ३४.२९. नाबाद डाव मी पाहिला नाही.’

अध्यक्षांनी अंगठा पाठवला. कप्तानाने काहीच नाही. सचिवांचं उत्तर पाच मिनिटांत आलं.

‘असू दे हो बाई. माणूस आहे, चूक होतेच. मनाला लावून घेऊ नका.’

मी आजवर बऱ्याच गोष्टी सहन केल्या आहेत. सचिवांनी मला मोठ्या मनाने माफ करावं, हे त्यात नव्हतं.

रविवारी आम्ही अकरा धावांनी हरलो. टपालने एकोणतीस केल्या, बत्तीस चेंडूंत. जावईबापूंनी सहा नंबरवर येऊन एकोणीस. अध्यक्ष तंबूत जो भेटेल त्याला सांगत होते की तीनला पाठवलं असतं तर वेगळं चित्र दिसलं असतं. एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला पहिल्या आठवड्यात शिकवते. त्यांना मी ते सांगितलं नाही. सांगून उपयोग होईल असं वाटण्याइतकं माझं त्यांच्याबद्दलचं मत अजूनही चांगलं नाही.

टपाल पॅड सोडून सायकलकडे निघाला तेव्हा मी वही घेऊन त्याच्या मागे गेले.

“एकदा बघून घ्याल?”

त्याने वही सायकलच्या सीटवर ठेवली आणि प्रत्येक चेंडूवर बोट ठेवत सावकाश खाली आला. एका जागी थांबला. “हा लेगबाय होता.”

“लेगबायच लिहिलाय. चेंडू तुमच्या नावावर धरलाय, धाव धरलेली नाही.”

त्याने वाकून पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

“आज चष्मा लावून बसला होतात वाटतं,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.