उत्तर न येणारे अर्ज

बाळ्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बाळ्या म्हणजे माझा सगळ्यांत धाकटा आत्तेभाऊ, वयानं माझ्या मुलासारखा. शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करतो. पत्र बरेच दिवस चष्म्याच्या घराखाली पडून होतं. त्यात लिहिलं होतं, "दादा, तू जन्मभर नोकरभरतीच्या खात्यात होतास. माझ्यात काय कमी आहे ते सांग. अर्ज करतो, पण 'नाही' असंही कुणी कळवत नाही."

मी ते पुन्हा वाचून पुन्हा तिथेच सरकवलं.

मग दुसरं पत्र आलं. एक एजंट त्याला परदेशात तीन वर्षांचं काम देणार होता. कंपनीचं नाव तिथे पोचल्यावर कळणार होतं. सोमवारी बाळ्यानं मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट त्याच्या हवाली करायचे होते. असे गेलेले दोघेजण मला माहीत होते. एकाचा अजून पत्ता नाही.

मी फोन केला. तो "बोल दादा" म्हणाला. एजंटचा विषयही न काढता मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवून दिला.

शेवटी त्याच्या अर्जाची प्रत घेऊन जुन्या कचेरीत गेलो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता त्या खात्याची प्रमुख आहे. तिच्या टेबलावर अर्जांचे दोन ढीग होते, एक बुटका आणि एक छताला टेकायला निघालेला. बाळ्याचा कागद तिनं हातात घेतला, वरून खाली नजर टाकली आणि उंच ढिगावर ठेवला. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"काका, कोण आहे हा?"

"ओळखीचा."

"म्हणजे घरचा. तुमचे कान लाल झालेत." तिनं कागद परत उचलला. "कौशल्यांची यादी बघा. वेल्डिंग, वायरिंग, कॉम्प्रेसर, संगणक... विमान तेवढं चालवत नाही."

"त्याला खरंच येतं हे सगळं."

"येत असेल. पण सगळेच असं लिहितात. मला शीतगृहाच्या अमोनिया यंत्रणेवरचा माणूस हवा असला, तर अमोनिया पार तळाशी. काय केलं, कुठे केलं, त्यानं काय फरक पडला, एक ओळ नाही. आणि मधली दोन वर्षं गेली कुठे?"

ते मला माहीत होतं. आतोबा, बाळ्याचे वडील, अंथरुणाला खिळले होते. ती दोन वर्षं बाळ्यानं त्यांना कुशीवर वळवण्यात घालवली होती.

"मग बोलावून विचारायचं ना त्याला."

"एवढ्या सगळ्यांना? आणि भलताच माणूस निघाला तर बोट माझ्याकडे. भीती वाटते, काका. शंका आली की बाजूला ठेवणं सोपं."

"निदान नाही म्हणून कळवावं."

"कळवलं की 'का?' म्हणून फोन येतो. शंका आली, असं कसं सांगू?"

मग मी चाचरत तिला सांगितलं, की एकदा शीतगृहात अमोनियाची गळती झाली तेव्हा यानंच सगळ्यांना बाहेर काढलं, श्वसनयंत्र चढवून जोडीदाराबरोबर आत जाऊन झडप बंद केली आणि माल वाचवला.

ती खुर्चीत सरळ बसली. "हे अर्जात का नाही?"

"आमच्या घरात स्वतःचं सांगत नाहीत."

"मग घरातच राहतात," ती म्हणाली. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "नीट लिहून पाठवू दे. वाचीन. शब्द देत नाही."

घरी येऊन लिहायला बसलो. तीन कागद फाडले. माझ्या सांगण्यावरून तो थांबला आणि तरीही कुणी बोलावलं नाही तर? म्हातारपणी ते तोंड कुठे लपवू? शेवटी एवढंच लिहिलं:

"बाळ्या, तुझ्यात कमी नाही. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, आणि तोही भित्रा असतो, आपल्यासारखाच. यादी छोटी कर. ज्या कामाला अर्ज, ते काम सगळ्यांत वर. गळतीची हकिगत तीन ओळींत लिही: काय झालं, तू काय केलंस, काय वाचलं. मधल्या दोन वर्षांपुढे 'वडिलांची शुश्रूषा' असं लिही. त्यात लाज नाही. रिकामी जागा दिसली की लोक तिथे वाईटच भरतात. नवा अर्ज माझ्या जुन्या कचेरीत पाठव, तिथल्या प्रमुखबाई वाचणार आहेत. एवढं करून नोकरी लागेलच असं मला म्हणवत नाही. पण मूळ कागद त्या एजंटच्या हातात देऊ नकोस. कंपनीचं नाव आणि करार आधी माग. तो चिडला तर काय ते समज. थांबलास आणि काही झालं नाही, तर दोष माझा. मला ऐकव, मी ऐकून घेईन."

टपाल कचेरीत गेलो.

"सोमवारच्या आत पोचेल?"

"तातडीनं पाठवलं तर शनिवारी," खिडकीतला माणूस म्हणाला. "बहुतेक."

पाकीट मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"सोडा आता आजोबा," तो म्हणाला.

मी सोडलं. त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.