नावापुढचा दोन

आमच्या केंद्रात घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण होतं. बाया मन लावून शिकतात, शिकवणारी परिचारिका जीव तोडून शिकवते आणि शेवटी सगळ्याचा कागद मात्र माझ्या टेबलावरून निघतो. या वेळी एकशे सत्त्याऐंशी बाया पुढचा अभ्यासक्रम पास झाल्या होत्या. मोठ्या इस्पितळात कायम जागांची भरती निघाली होती आणि अर्ज भरायची मुदत गुरुवारी दुपारी एक वाजता संपणार होती. अर्जाला आमचं प्रमाणपत्र जोडलं नाही तर अर्जच घेत नव्हते. आणि आमच्या सरांनी सही कधी दिली? बुधवारी संध्याकाळी सहाला. तीही दोनदा कागद बदलून, कारण पहिली सही त्यांना "रुबाबदार वाटत नव्हती".

पूर्वी हे काम माझ्या आधीच्या बाई हाताने करायच्या. एकेक नाव टाइप, एकेक छापील कागद. त्या निवृत्त झाल्या आणि ही नावांची शीट माझ्या गळ्यात पडली. माझ्या दिराने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. शीटमधली एकेक ओळ घ्यायची, नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख साच्यातल्या रिकाम्या जागी बसवायची, पीडीएफ करून फोल्डरमध्ये ठेवायची आणि शेवटी ज्याची त्याला मेल करायची. सरांना मी उत्साहात सांगून बसले, "एक बटण दाबायचं, झालं." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानेवर बसलं आहे.

कारण बटण दाबण्याआधीचं सगळं कोण करणार? पहिल्या फेरीत जोडाक्षरं फुटून वेगवेगळी पडली, फॉन्ट बदलावा लागला. दुसऱ्या फेरीत 0041 चा झाला 41, कारण शीटला वाटलं पुढची शून्यं बिनकामाची आहेत. तिसऱ्या फेरीत एका बाईची तारीख पाच आकडी संख्या होऊन बाहेर आली. माझ्या नाकी नऊ आले होते. त्यात त्या आधीच्या बाईंची शीट! कुठे नावाआधी मोकळी जागा, कुठे नावानंतर, कुठे एकाच रकान्यात नाव आणि फोन दोन्ही. मी दोन दिवस बसून ती धुऊनपुसून काढली.

एका नावापुढे तर चक्क "२" लिहिलं होतं. नाव, आडनाव आणि पुढे २. मला वाचूनच राग आला. बाई आहे की वस्तू? माणसाच्या नावापुढे आकडा काय लावतात! मी तो खोडला आणि मनात त्या बाईंना दोन शब्द सुनावलेही.

गुरुवारी सकाळी नऊला मी बटण दाबलं. पडद्यावर "पूर्ण झाले" असं आलं. साडेनऊला सगळे मेल गेले. मी चहा घेतला. तो चहा मला आजही आठवतो, कारण त्यानंतर दिवसभर घशाखाली काही उतरलं नाही.

सव्वादहाला पहिला फोन आला.

"मॅडम, माझा अर्ज पुढे जात नाही. म्हणतंय हा नोंदणी क्रमांक आधीच वापरला आहे."

"मावशी, तुम्ही दोनदा भरला असेल."

"नाही हो, एकदाच. आणि त्या कागदावर माझा दोन..."

"पान बंद करून परत उघडा," मी म्हटलं आणि फोन ठेवला, कारण दारात सर उभे होते.

"शिक्का जरा डावीकडे हवा होता," ते म्हणाले.

"सर, मेल गेले सगळे."

"मग परत पाठवा. एक बटण दाबायचं ना?"

मी कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात नाही, मनातल्या मनात. पुढचा दीड तास मी त्यांना समजावण्यात आणि बाकीचे फोन घेण्यात घालवला. कुणाला मेल सापडत नव्हता, कुणाला पासवर्ड आठवत नव्हता, एकीने तर विचारलं की प्रमाणपत्रावर फोटो का नाही, ती मुद्दाम पार्लरला जाऊन आली होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती मावशी समोर येऊन उभी राहिली. पन्नाशीच्या आसपासची, घामाने थबथबलेली, हातात पिशवी आणि पिशवीत सगळे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. दोन बस बदलून आली होती.

"मॅडम, हे माझं नाही," तिने फोन पुढे केला. "माझ्या नावापुढे दोन असतो. तो नाहीये."

"तो मीच काढला, मावशी," मी जरा अभिमानानेच म्हणाले. "नावापुढे आकडा शोभतो का? तुम्ही काय दुय्यम आहात?"

तिने पाकिटातून नोंदणीची पावती काढून माझ्यासमोर ठेवली. क्रमांक 0041. तिच्या फोनवरच्या प्रमाणपत्रावर होता 0118.

मी शीट उघडली. 0041, तिचं नाव. खाली सरकत गेले. 0118, तेच नाव, तेच आडनाव. फोल्डर उघडून फायली मोजल्या. एकशे शहाऐंशी. पुन्हा मोजल्या. मग संगणकालाच विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. एक कमी. सकाळी "पूर्ण झाले" वाचून मी मोजायचेही कष्ट घेतले नव्हते.

दिराला फोन लावला.

"वहिनी, फाईलचं नाव कशावरून ठेवलंय?"

"बाईच्या नावावरून. तूच तसं केलंस."

"तुम्हीच म्हणालात की नावावरून शोधायला सोपं जातं. दोघींचं नाव सेम असेल तर दुसरीची फाईल पहिलीच्या जागेवर जाऊन बसते. पहिली गेली. मेलही नाव बघूनच फाईल उचलतो, म्हणजे दोघींना दुसरीचीच गेली."

"आणि तुझा प्रोग्रॅम काही बोलत नाही? एक माणूस पुसलं जातं आणि हा गप्प?"

"त्याला काय माहीत त्या दोघी आहेत? शीटमध्ये काही वेगळं होतं का?"

होतं. दोन होता. मी खोडला होता. त्या आधीच्या बाईंना मी मनात सुनावलं होतं आणि त्यांनीच या दोघींना वेगळं ठेवलं होतं.

"आता काय करू ते सांग. मुदत एकला संपतेय."

"फाईलला नावाऐवजी नुसता नोंदणी क्रमांक घाला. आणि सगळं चालवू नका, सुरुवात एक्केचाळीस, शेवट एक्केचाळीस."

घातलं. दाबलं. फाईल आली ती भलत्याच बाईची, 0040 ची. मी टेबलावर हात आपटला. मावशी दचकली. शीटची पहिली ओळ मथळ्याची असते, म्हणून एक्केचाळीस क्रमांकाची बाई बेचाळिसाव्या ओळीत असते, हे दीर सांगायला विसरला होता आणि मी विचारायला. बेचाळीस घातलं. आली. नाव तिचं, क्रमांक 0041, सही रुबाबदार.

बारा एक्केचाळीसला मी फाईल तिच्या फोनवर पाठवली. तिने खुर्चीवर बसून, चष्मा वर करून, एकेक अक्षर बघत अर्ज भरला. मी शेजारी उभी होते. फोन थरथरला.

"नाव मूलभूत अभ्यासक्रमाच्या नोंदीशी जुळत नाही."

"आता काय!" मी जवळजवळ ओरडलेच. "नाव तर तेच आहे!"

तिने पाकिटातून दोन वर्षांपूर्वीचं पहिल्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र काढलं. आधीच्या बाईंनी छापलेलं, कडा जपलेल्या. त्यावर सुबक अक्षरात तिचं नाव, आडनाव आणि पुढे २. इस्पितळाच्या यादीत ती तशीच नोंदलेली होती.

"म्हणूनच सांगत होते मघापासून," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

बारा एकोणपन्नास. मी बेचाळिसाव्या ओळीत गेले आणि ज्या बोटाने तो दोन खोडला होता त्याच बोटाने परत लिहिला. फाईल उघडीच राहिली होती म्हणून प्रोग्रॅमला जुन्यावर नवी ठेवता येईना, आणि तेवढ्यात सर दारात आले.

"तो शिक्का..."

"सर, एक वाजेपर्यंत माझ्याशी बोलू नका." असं मी गेल्या पाच वर्षांत कधी बोलले नव्हते. सर खरोखरच परत गेले.

उघडी फाईल बंद केली, पुन्हा चालवलं, पाठवलं. बारा पंचावन्न. मी फोन धरला आणि तिने बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. बारा सत्तावन्नला हिरवी खूण आली आणि अर्जाचा क्रमांक. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं, पण कुणावरच्या रागाचं ते माझं मलाच धड सांगता येईना.

मावशीने कागद एकेक करून पाकिटात ठेवले. पाणी मागितलं, प्यायली.

"मावशी, चुकलं माझं. मला वाटलं कुणीतरी तुम्हाला कमी लेखलंय. म्हणून काढला."

"कुणी कमी लेखलं नाही. मीच मागून घेतला," ती म्हणाली. "पहिल्या परीक्षेला माझा निकाल त्या दुसरीच्या घरी गेला होता. सहा महिने मी नापास म्हणून घरी बसले. मग त्या आधीच्या बाईंनी आम्हा दोघींना या टेबलासमोर उभं केलं आणि विचारलं, दोन कोण घेतं? तिने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, द्या मला. त्या दिवसापासून माझी एक वस्तू दुसरीकडे गेली नाही."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"तुम्हाला माझ्याबद्दल वाईट वाटलं, ते चांगलंच. पण काढायच्या आधी एक फोन केला असतात तर बरं झालं असतं, मॅडम. माझा नंबर त्याच ओळीत आहे."

ती गेल्यावर मी शीट पाहिली. बेचाळिसावी ओळ, शेवटचा रकाना. होता.