उरलेलं ॲसिड

शनिवारी दुपारनंतर आमचं फार्मसी कॉलेज ओस पडतं. त्यात त्या दिवशी प्रतीक्षा मॅडमचं खामगावला लग्न, म्हणून सगळा स्टाफ गाडी करून तिकडे गेलेला. मी गेले नाही. लग्नात अक्षता पडायच्या आधी कुणीतरी माझ्या बाजूला येऊन बसतं आणि "मग पूनम मॅडम, तुमचं काय?" असं विचारतंच. चाळिशी आली तरी लोकांची हौस फिटत नाही. मी सांगितलं, लॅबमध्ये काम आहे. एरवी ही थाप असती, पण त्या दिवशी खरंच काम होतं.

काम होतं माझ्या वडिलांचं. उकंडराव त्यांचं नाव. साखरखेर्ड्याला एकटे राहतात. आई गेली, भाऊ कुलदीप पुण्यात स्थिरावला, मी इथे बुलढाण्यात चिखली रोडला खोली घेऊन. बाबा रोज संध्याकाळी फोन करतात आणि बोलायला काही नसलं की ॲसिडिटीवर बोलतात. दिवाळीपर्यंत ॲसिडिटीच्या गोळीनं बरं वाटायचं. मग शेतात चालत गेलं की छातीच्या मधोमध आवळायला लागलं. बांधावर टेकलं की जरा वेळानं थांबायचं. मी म्हटलं, बाबा, ही ॲसिडिटी नाही, चिखलीला डॉक्टरला दाखवू. ते म्हणाले, "डॉक्टर कायले? गोळीच बोगस हाय. त्या प्रेमच्या मेडिकलमंदी नवा माल आला न्, तवापासून गुण नाही."

यावर आठवडाभर आमची जुंपली. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"तू कालेजात पोरायले हेच शिकवतं ना? मंग तपास. गोळी खराब निघाली तं मी खरा. चांगली निघाली तं तू म्हनशीन त्या दवाखान्यात येतो. शब्द हाय माहा."

आणि त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे एक पाकीट रुमालात गाठ मारून पाठवलं. रुमाल आईच्या हातचा होता, कडेला टीप घातलेला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गोळी खलात टाकली.

खरं सांगते, मला गोळी खराबच निघायला हवी होती. गोळी खराब म्हणजे बाबा ठीक. बाजारातून चांगली गोळी घेऊन देते आणि रोज संध्याकाळी फोनवर पुन्हा तेच रडगाणं ऐकते. मला ते रडगाणं चालणार होतं. त्याशिवाय मला दुसऱ्या कुणाचा फोन येतोच कुठे?

मुलांना मी ही परीक्षा भाकरीच्या हिशेबानं शिकवते. पाहुण्यानं किती खाल्लं हे त्याला विचारायचं नसतं. भाकरी किती केल्या ते माहीत असावं आणि टोपल्यात किती उरल्या त्या मोजाव्यात. गोळी पाण्यात नीट विरघळत नाही, तिचं काम सावकाश चालतं, म्हणून तिला सरळ मोजता येत नाही. तिला तिच्या गरजेपेक्षा जास्त हायड्रोक्लोरिक ॲसिड द्यायचं, खाऊ द्यायचं, आणि उरलेलं ॲसिड कॉस्टिक सोड्यानं मोजायचं. सोडा जितका जास्त लागेल तितकं ॲसिड उरलं, म्हणजे तितकी गोळी कमजोर. पोरं इथेच उलटं धरतात. ब्युरेटवर, म्हणजे सोडा मोजायच्या काचेच्या नळीवर, आकडा मोठा आला की खूश होऊन सांगतात, मॅडम, गोळी भारी आहे.

मी गोळी बारीक कुटली, वजन केलं, बीकरमध्ये पाण्यात कालवली. पिपेटनं मोजून तीस मिली ॲसिड घातलं. मग पोटात असते तितक्याच उबेला ते मॅग्नेटिक स्टररवर फिरत ठेवलं पंधरा मिनिटं. नंतर ब्युरेटमध्ये ॲसिडच्या निम्म्या ताकदीचा सोडा भरला, फळीवरची फिनॉल्फ्थॅलीनची बाटली घेतली, ॲसिड संपलं की गुलाबी होणारे ते थेंब टाकले आणि तोटी सोडली. मिश्रण पांढुरकं झालं. गोळीत स्टार्च असतो, टाल्क असतं, गढूळ दिसायचंच. मी सोडत राहिले. तीस गेले, पस्तीस गेले. गुलाबी रंग यायचा आणि विरायचा. शेवटी बेचाळीसच्या पुढे तो टिकला.

पाकिटावरच्या घटकांच्या हिशेबानं तीसच्या आसपास संपायला हवं होतं. म्हणजे ॲसिड ढीगभर उरलं होतं. गोळीनं निम्म्याहून जरासंच जास्त काम केलं होतं. मी लॅबमध्ये एकटीच हसले. मोठ्यानं हसले, आणि आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला तेव्हा ओशाळले.

बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमचंच खरं निघालं. गोळी बोगस हाय."

"पाह्यलं? मी काय म्हनत व्हतो! आता त्या प्रेमले दाखवतोच. तोंडावर फेकतो त्याच्या गोळ्या."

"राहू द्या ना बाबा. मी इथून दुसऱ्या पाठवते."

"नाही नाही. माही पोरगी लॅबवाली हाय, त्याले समजलं पाह्यजे." आणि फोन ठेवला. किती महिन्यांनी त्यांचा आवाज इतका ताठ ऐकला होता.

मी डबा उघडला आणि स्टुलावर बसून जेवले. घरी काय अन् लॅबमध्ये काय, समोर कुणी नसतंच. निदान इथे बीकर असतात.

जेवण झाल्यावर तो बीकर धुवायला उचलला आणि हात थांबला. तळाशी पांढरं बसलं होतं. स्टार्च-टाल्क असं बसत नाही. पिंजलेल्या कापसासारखं, फुगलेलं, हलवलं की तरंगणारं. ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं. गोळीतलं. ॲसिडनं विरघळवलेलं आणि माझ्या सोड्यानं पुन्हा बनवलेलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! फिनॉल्फ्थॅलीन चालतं ते चुन्याच्या गोळीला, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला, आणि दरवर्षी तेच वापरून माझा हात त्याच बाटलीकडे जातो. बाबांच्या गोळीत मॅग्नेशियमबरोबर ॲल्युमिनियम होतं. अशा वेळी गुलाबी रंगापर्यंत जायचंच नसतं. आम्लता दाखवणारा पीएच मीटर लावून साडेतीनवर थांबायचं असतं. त्याच्या पुढे गेलं की ॲल्युमिनियम सोडा पिऊन टाकतं, आणि आपण समजतो की उरलेलं ॲसिडच मोजतोय. मीटर कपाटात होता. काढायचा, ठरलेल्या पीएचच्या द्रावणात बुडवून जुळवायचा मी कंटाळा केला होता. कंटाळा तरी का म्हणू? मला हवा तो आकडा येत होता, मग कशाला अडवू.

फोन लावला. बाबांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग आठवलं, ते प्रेमच्या मेडिकलवर निघाले असणार. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, दुकान वर बाजारात. चढ आहे. आणि रागात बाबा सावकाश चालत नाहीत.

दुसरी गोळी कुटली. वजनकाट्याचा आकडा ठरेना. मीटर जुळवला. ॲसिड घातलं, स्टरर लावला. आता पंधरा मिनिटं करण्यासारखं काहीच नव्हतं. ती घाईनं कमी होत नाहीत. ॲल्युमिनियमला वेळ लागतोच. मी एका हातात फोन धरून फिरणाऱ्या पाण्याकडे बघत बसले. रिंग जायची आणि कापली जायची. कुलदीपला लावला, तो मीटिंगमध्ये. गावात ओळखीचा दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. तेव्हा मला फार एकटं वाटलं. बाबाही तसेच कुठेतरी चढावर एकटे चालत असतील, मुलीनं दिलेल्या खोट्या आकड्याच्या जोरावर. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही.

वेळ झाल्यावर सोडा सोडला, थेंबाथेंबानं. मीटर चढू लागला. साडेतीनवर ठरला तेव्हा ब्युरेटचा आकडा तीसच्याही जरा अलीकडे होता. गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे होती. जितकं ॲसिड खायचं तितकं तिनं खाल्लं होतं.

गोळी चांगली होती. मी स्टुलावर बसले आणि रडले.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी प्रेम बोलतो, मेडिकलवाला. नंबर काकांनीच देल्ला, त्यांचा फोन घरी राह्यला. उकंडराव काका दुकानात आले हायेत. भांडाले आले व्हते, पन आवाजच फुटून नाही राह्यला. घामानं भिजले पार."

"प्रेमभाऊ, त्यांना बसवा. अजिबात चालू देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी असंल ना, ॲस्पिरिन? त्याचं वावडं नाही त्यांना. चावून खायला लावा."

"देल्ली ताई, मघाच देल्ली. गाडी काढून राह्यलो, चिखलीले नेतो. पन काका बसून नाही राह्यले गाडीत. म्हनतात, पोरीनं सांगतलं गोळी खराब हाय, मंग दवाखाना कायले."

"फोन द्या त्यांच्याकडे."

श्वासाचा आवाज आला. मग "हाव" इतकंच.

"बाबा, गोळी चांगली हाय. मी चुकली. पुन्हा तपासली. प्रेमभाऊंचा माल एकदम बरोबर हाय."

मागे रस्त्यावरचा भोंगा वाजला आणि गेला.

"बाबा, शब्द देल्ला होता तुम्ही."

"हाव माय. बसतो गाडीत." दार लागल्याचा आवाज आला. मी पर्स शोधू लागले, एक हात फोनला. चिखली बुलढाण्याहून जवळ आहे, मी त्यांच्याआधी पोचणार होते.

"म्या तं तुले मुद्दाम तपासाले सांगतलं," बाबा थांबत थांबत म्हणाले. "वाटे, गोळीच खराब निघीन. मले माईत व्हतं माय, हे पोटाचं नाही. पन तुह्या मशिनीनं गोळी खराब सांगतली, तं म्या पोटाचंच मानलं."

मी बाहेर आले. लॅबचं कुलूप हातात होतं.

"मंग पह्यले काऊन खराब सांगतली तू?" त्यांनी विचारलं. "तू तं चुकत नाही कधी."

"मलेही खराबच पाह्यजे होती, बाबा," मी म्हटलं.