मागच्या महिन्याची गोळी

बावीस वर्षं विमा विकून विमाकाकांना एक खोड जडली होती. जगातली कुठलीही गोष्ट ते आधी विम्यात बसवून बघत, आणि मगच ती त्यांना कळे. छत्री म्हणजे विमा, स्टेपनी म्हणजे विमा, थोरल्या मेव्हण्याशी गोड बोलणं म्हणजेही विमाच. त्यामुळे त्यांच्या कुत्र्याला दर महिन्याच्या एक तारखेला जी गोळी द्यायची असे, ती काय हे समजून घ्यायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. गोळी म्हणजे हप्ता. आज भरला की पुढचा महिनाभर कव्हर.

कुत्र्याचं नाव बोका. पिल्लू असताना तो भिंतीवर बसून पंजे चाटायचा, म्हणून काकूंनी ठेवलेलं. खाडीकाठच्या जुन्या गावात डासांचे नुसते ढग असत, आणि काकांनी तिथे चार वर्षांत एकही एक तारीख चुकवली नव्हती. मग बदली झाली. डोंगरावरचं थंड शहर, अंगात स्वेटर, आणि घरात औषधालाही डास नाही. पहिली एक तारीख आली तेव्हा काकांनी गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं.

"अहो, गोळी?" काकूंनी विचारलं.

"जोखीमच नाही तिथे हप्ता कशाला? मी काय आजच या धंद्यात आलोय?"

दुसरी एक तारीखही अशीच ऐटीत गेली. त्या महिन्याच्या दहा तारखेला रेबीजची लस द्यायला बोक्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. बोक्याला वजनकाट्यावर चढवत तिने विचारलं, "हार्टवर्मची गोळी चालू आहे ना?"

काका अशा प्रश्नांची वाटच बघत असत. "बंद केली," ते खुर्चीत सावरून बसले. "असं बघा डॉक्टर, हा आजार पसरवतो डास. इथे डास नाहीत. म्हणजे जोखीम शून्य. गोळी पुढच्या महिन्याचं संरक्षण करते..."

"मागच्या," डॉक्टर म्हणाली.

"काय मागच्या?"

"गोळी मागच्या महिन्यासाठी असते, काका. पुढच्या नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरचा मांजरांचा तक्ता अतिशय लक्ष देऊन वाचू लागल्या.

डॉक्टरने हातमोजे काढले आणि कागद ओढला. आजारी कुत्र्याच्या रक्तात हार्टवर्मची, म्हणजे डायरोफिलारिया नावाच्या हृदयातल्या जंताची, बारीक पिल्लं फिरत असतात. डास त्याला चावला की ती डासाच्या पोटात जातात, तिथे दोनेक आठवडे वाढतात. तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळ्या कातडीत उतरतात. "गोळी डासाला अडवत नाही. अळीला आत यायलाही अडवत नाही. गेल्या तीसेक दिवसांत ज्या आत आल्या, त्यांना लहान आहेत तोवर मारते, आणि काही दिवसांत स्वतः अंगातून निघून जाते. म्हणून दर महिन्याला. त्यांना मोठं व्हायला वेळच द्यायचा नाही."

"आणि मोठ्या झाल्या तर?"

"दोनेक महिन्यांनी रक्तात शिरतात, हृदयाकडे आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांकडे निघतात. मग या गोळीला त्या दाद देत नाहीत. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढतात. वीतभर, कधी त्याहूनही लांब." तिने तारखा विचारून घेतल्या आणि कागदावर तीन आकडे लिहिले. "शेवटची गोळी कधी? सत्तर दिवसांपूर्वी. इथे येऊन चाळीस दिवस. म्हणजे मधले तीस दिवस बोका खाडीकाठी डासांकडून चावून घेत होता, आणि त्या तीस दिवसांची सफाई कुणी केलीच नाही."

काका कागदाकडे बघत राहिले. डासांच्या गावातला अख्खा शेवटचा महिना त्यांनी उघडा ठेवला होता, तोही सिद्धान्तासह. विसरलो असतो तर निदान माणूस विसरतो असं म्हणता आलं असतं. हे तर विचार करून केलं होतं.

"हप्त्याला एक दिवस उशीर झाला तर लोकांना रविवारी फोन करून उठवतात हे," काकू तक्त्याकडेच बघत म्हणाल्या.

डॉक्टरने रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. दहा मिनिटांनी एकच रेघ उमटली. दोन आल्या असत्या तर आजार. काका ताडकन उठले. "निगेटिव्ह! मी म्हणत नव्हतो..."

"बसा, काका. ही पट्टी फक्त वाढलेली मादी ओळखते. अळ्या तिला दिसत नाहीत. आजची रेघ म्हणजे सहा महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं ठीक होतं, एवढंच. त्या तीस दिवसांचं उत्तर आणखी सहा महिन्यांनी. गोळी आजच सुरू करा. जेवढ्या अजून लहान असतील तेवढ्यांना गाठेल, सगळ्यांना गाठेल असं मी सांगू शकत नाही. आणि बंद करू नका, उन्हाळ्यात इथेही डास होतात."

"आणि सहा महिन्यांनी दोन रेघा आल्या तर?"

"उपचार आहेत. पाठीच्या स्नायूत इंजेक्शनं, आणि कित्येक महिने पळणं बंद. मेलेले जंत फुप्फुसात अडकतात, त्यात धावला तर जिवावर बेतू शकतं."

बोका तेवढ्यात काट्यावरून उडी मारून दारापर्यंत धावला आणि परत आला. त्याला एवढं एकच काम उत्तम येत असे.

पुढचे सहा महिने काकांनी एक तारीख पाळली आणि बोक्याचा खोकला मोजला. एकदा बाल्कनीतून कोरडा खोकला ऐकू आला तसे ते अनवाणी धावले. बोका शांत झोपला होता. खोकत होते शेजारचे निवृत्त हेडमास्तर, आणि काकांनी त्यांच्याकडे पाहून इतक्या मनापासून "हुश्श" केलं की पुढे महिनाभर हेडमास्तर जिन्यात त्यांच्याशी बोलले नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाला कव्हर समजावताना काका मधेच थांबले आणि म्हणाले, "हे पुढचं असतं हां. मागचं नाही. यात गडबड होते माणसाची." गिऱ्हाइकाने विचार करून सांगतो म्हटलं. त्याचा विचार अजून चालू आहे.

ठरलेल्या दिवशी पट्टी पुन्हा टेबलावर आली. या वेळी काकांचा एक हात बोक्याच्या छातीवर होता, आणि तिथले ठोके स्वतःच्या ठोक्यांत मिसळू नयेत म्हणून ते मधूनमधून श्वास रोखत होते. दहा मिनिटं झाली. डॉक्टरने पट्टी उजेडात धरली, तिरकी करून पाहिली, आणि टेबलावर ठेवली.

"एकच रेघ. सुटला."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकांना विचारल्याशिवाय राहवेना. "म्हणजे त्या दिवशी दिलेल्या गोळीने गाठलं तर त्यांना?"

"गाठलं असेल. किंवा अळ्या घेऊन फिरणारा डास त्याला चावलाच नसेल. ते आपल्याला कधीच कळणार नाही."

"मग यात माझं काय?"

"तुमचं? चार वर्षं गोळ्या दिल्यात, ते तुमचं. त्या एका महिन्यात नशीब."

बावीस वर्षं लोकांना नशिबावर विसंबू नका म्हणून सांगणारा माणूस नशिबाचे आभार मानत पायऱ्या उतरला. खाली काकूंनी विचारलं, "आता लोकांना काय सांगणार?"

"सांगणार, मी उलटं समजलो होतो."

"असल्या माणसाकडून कुणी पॉलिसी घेत नाही हो."

"न घेवोत," काका म्हणाले, आणि त्यांनी पट्टा हातातून सोडला. समोर चढण होती. बोका ती धावत चढला, वर जाऊन थांबला आणि धापा टाकत खाली बघत राहिला. काकांनी त्या धापा तीनपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं आणि त्याच्या मागे निघाले. अर्ध्या चढणीवर दम लागला तो त्यांनाच.