सहा रुपयांचा लेखी खुलासा

पंचफुला मेश्रामचा अर्ज साहेबांनी दोन बोटांनी उचलून माझ्याकडे सरकवला.

"बाबारावजी, एका ओळीत उत्तर द्या. वेतन नियमानुसार आहे. आणि दुसऱ्याच्या पगारात डोकावू नये, अशी समज द्या."

डोकावू नये म्हणे. आमच्या ऑफिसात पगाराच्या दिवशी सगळ्यांचा मिळून एकच वेतनपट टेबलावर पसरतात आणि आपापल्या रकमेपुढे सही घेतात. पंचफुलाच्या वरच्याच ओळीत मार्तंड डोईफोडे. तिनं काय डोळे मिटून सही करायची?

अर्ज सरळ होता. मी व श्री. डोईफोडे सत्तर साली एकाच दिवशी, एकाच परीक्षेतून कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. आज त्र्याऐंशीत त्यांना माझ्यापेक्षा सहा रुपये जास्त कसे? कारण लेखी मिळावे. कारण नसेल तर तेही लेखी मिळावे.

ती माझ्या टेबलाशी आली. "सहा रुपयांसाठी नाही जी भांडून राहिली मी. जातीवरून आहे काय, एवढंच सांगा. असलं तर दिल्लीपर्यंत लिहीन."

तिला वेडी म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्र्याऐंशीतही आमच्या माठावर दोन पेले होते. दुसरा कोणासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीही नव्हतो बोलत.

आस्थापनेचं टेबल माझं. वेतनवाढी माझ्या हातून जायच्या, त्यामुळे चूक निघाली तर माझीच. दोन्ही सेवापुस्तिका शेजारी ठेवल्या आणि पट्टी लावून एकेक ओळ उतरत गेलो. दरवर्षीची वाढ त्याच तारखेला, तेवढीच. मूळ वेतनात पैशाचा फरक नाही. मग मार्तंडच्या पुस्तिकेत ऐंशी सालची एक नोंद दिसली, माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात. कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया केल्याबद्दल वैयक्तिक वेतन, रुपये सहा.

ऑफिसात त्यानं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं.

कुठून कळलं कोण जाणे, मार्तंड धावत आला. "हात जोडतो बाबारावजी, ते लिहू नका. बायकोची तब्येत बरी नव्हती म्हणून मी करून घेतलं. हे लोक मले जगू देतील काय?"

"चोरी केली का गा तू?"

"चोरी केली असती तर एवढे हसले नसते."

ते खरं होतं. आणीबाणीपासून नसबंदी या एका शब्दावर माणसं फिदीफिदी हसायची. त्याची खाजगी गोष्ट मला लिहिताही येत नव्हती. पण साहेबांची ती एक ओळ पाठवली असती, तर जातीवरूनच आहे, असंच पंचफुलानं धरलं असतं.

मूळ परिपत्रक फाईलमधून काढलं. दोन किंवा तीन मुलांवर स्वतः किंवा जोडीदारानं शस्त्रक्रिया केली, सरकारी दवाखान्याचा दाखला दिला, की एका वेतनवाढीएवढी रक्कम. पाठीमागे वाचल्याच्या सह्या होत्या. सगळ्या पुरुषांच्या. ऑफिसात बाया दोन, पंचफुला आणि टायपिस्ट गोपिका. दोघींचीही सही नव्हती.

शिपाई दादाजीला बोलावलं.

"आता नसबंदीचा कागद बायांच्या टेबलावर कसा नेऊ बाबारावजी? मले लाज वाटली."

"आणि तीन वर्षं कोणालेच सही कमी दिसली नाही," मी म्हणालो. हे दादाजीला नव्हतं.

मसुदा केला. आपले व श्री. डोईफोडे यांचे मूळ वेतन प्रत्येक टप्प्यावर समान आहे, नोंदी तपासल्या. फरक वैयक्तिक वेतनाचा आहे, त्याचे कारण खाजगी असल्याने देता येत नाही. समज वगैरे काही लिहिली नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी परिपत्रकाची पाठ समोर धरली. "बायांच्या सह्या का नाहीत, हे उद्या ऑडिटनं विचारलं तर?" त्यांनी पेन काढून सही केली.

मग परिपत्रक मी स्वतः नेलं. आधी गोपिकेच्या टेबलावर, मग पंचफुलाच्या. तिनं आधी उत्तर वाचलं, मग परिपत्रक. दोनदा वाचलं. ओठ दाबून धरले होते, ते सैल सुटले.

"तिसऱ्या पोरावर एक्क्याऐंशीत माझं ऑपरेशन झालं जी. दाखला पेटीत आहे."

"उद्या आण. ऑपरेशनच्या पुढच्या महिन्यापासून लागू होते."

"म्हणजे जात नव्हती."

"यावेळी नव्हती. बाई म्हणून कागद तुझ्यापर्यंत आला नाही."

ती हसली. अशी मोकळी हसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. उठून ती माठाकडे गेली, समोरचा, सगळ्यांचा पेला उचलून पाणी प्याली आणि त्याच जागी ठेवला. मी पाठोपाठ गेलो आणि त्याच पेल्यानं प्यालो. इतक्या वर्षांत एवढं सोपं काम माझ्याच्यानं झालं नव्हतं.

पुढच्या पगाराला वेतनपटावर दोघांच्या ओळी सारख्या झाल्या. शिवाय तिला मागच्या फरकाची थकबाकी. मार्तंड सही करत होता, ती मागे उभी.

"डोईफोडेजी, हर्निया दुखत नाही ना आता?"

त्याचा पेन थांबला.

"नाही दुखत," तीच हळूच म्हणाली. "माझा पण नाही दुखत."