रोज पन्नास, पण रोज नाही

पोस्ट धाकटीनेच लिहिली होती. दादाच्या जिमचं मोबाइलवरचं सगळं तीच बघायची. महिन्याची फी पंधराशे, भागिले तीस, आणि मग ठळक अक्षरांत, 'तंदुरुस्ती, रोज फक्त पन्नासात!' दादा इतका खूश झाला की त्याने आरशासमोर उगाच दंड फुगवून बघितले.

सकाळी सातलाच गणिताच्या निवृत्त बाई आल्या, काउंटरवर पन्नासची नोट ठेवली आणि ट्रेडमिलवर चढल्या.

"बाई, पूर्ण महिन्याचे भरावे लागतात," धाकटी म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय?" बाई चालता चालता म्हणाल्या. "मी आजचे दिलेत. उद्याचं उद्या बघू."

मागोमाग कोपऱ्यावरचा शिंपी पंचवीस घेऊन हजर. "मला फक्त पायांचाच व्यायाम हवाय. वरचा भाग ठीक आहे, अर्धेच घ्या."

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने धाकटीला बाजूला घेतलं. "खाली एक चांदणी टाक आणि बारीक अक्षरांत लिही, महिन्याचे एकदम."

तिने तसं करून बाईंना मोबाइल दाखवला. बाईंनी ट्रेडमिलवर चालता चालताच चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल नाकाला लावला. "हे वाचणं हाच डोळ्यांचा व्यायाम झाला. त्याचे वेगळे पडतात का?"

शिंपी खो खो हसला. धाकटीचे कान लाल झाले. खरं तर लिहितानाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पण 'फक्त' हा शब्द फार गोंडस दिसत होता.

"रविवारी उघडं असतं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तीसने कशाला भागलंस? सव्वीसने भाग."

धाकटीने भागलं. सत्तावन्न आणि वर काहीतरी.

"आणि नावनोंदणी?"

"तीनशे," दादा छताकडे बघत पुटपुटला.

धाकटी खाली बसली आणि नव्याने लिहू लागली. 'महिन्याला पंधराशे, एकदम भरायचे. पहिल्यांदा नावनोंदणीचे तीनशे वेगळे. रविवारी बंद. महिन्यात सव्वीस दिवस आलात, तर फी दिवसाला साधारण अठ्ठावन्न पडते. एका दिवसाचे वेगळे घेत नाही.' सगळी अक्षरं एकाच मापाची.

"कोणी फिरकणार नाही!" दादाने डोकं धरलं.

"फिरकतील ते भांडणार तरी नाहीत," ती म्हणाली आणि पोस्ट टाकून मोकळी झाली.

त्या आठवड्यात चौकशीचे फोन निम्म्यावर आले. दादा तिच्याशी दोन दिवस फक्त मानेनेच बोलला. पण ज्या सात जणांनी विचारलं, त्यातल्या पाच जणांनी नाव घातलं, आणि काउंटरवर कुणाचाही आवाज चढला नाही.

बाईंनीही घातलं. फी भरताना त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसाचे पन्नास वळते करून घे हं. आणि दादाला सांग, यंत्र थांबवायचं बटण कुठे आहे ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून त्या दिवशी एवढा वेळ वाद घालत होते."